पाववाल्याची वही

बेकरीच्या मागच्या दाराशी पहाटे पाचपासून टेम्पो आणि सायकली लागतात. आत भट्टी धगधगत असते, बाहेर फळीवर लाद्यांच्या चळती आणि चळतींच्या शेजारी एक लांबट, मैद्याने पांढरी पडलेली वही. वहीत प्रत्येक गिऱ्हाइकाचं एक पान. रोज नेलेल्या लाद्यांचा आकडा, आठवड्याला बेरीज, पैसे पोचले की त्यावर आडवी रेघ. ही वही कुठल्याही कायद्यासाठी ठेवलेली नसते. आपले पैसे बुडू नयेत एवढाच तिचा हेतू असतो, आणि म्हणूनच ती खरी असते.

मी सीए आहे. हिशेब तपासणं हा धंदा. पण या धंद्यातलं मला सर्वांत अवघड वाटणारं काम म्हणजे रोखीच्या धंद्याची विक्री तपासणं. वहीत लिहिलेली विक्री खरी आहे का, हे तपासणं सोपं असतं. बिल काढा, बँकेत बघा, गिऱ्हाइकाला विचारा. पण विक्री पुरी आहे का, म्हणजे जे विकलं ते सगळं वहीत आलंय का, हा प्रश्न वेगळा आहे. जे लिहिलंच नाही त्याचं बिल कुठून काढणार? वहीतून सुरुवात केली की आपण वहीतच फिरत राहतो. शंभर बिलं तपासली, शंभरही बरोबर निघाली, तरी एकशेएकावं बिल फाडलंच नव्हतं हे त्यातून कधीच कळत नाही. तेव्हा सुरुवात वहीच्या बाहेर करायची, स्वयंपाकघरातून, गोदामातून, पुरवठादाराकडून, आणि तिथून वहीकडे यायचं. आमच्या लेखापरीक्षेच्या मानकांतलं २४० क्रमांकाचं मानकही सांगतं, की महसुलात लबाडीचा धोका आहे असं गृहीत धरूनच कामाला लागा. मोठ्या कंपन्यांत ती लबाडी बहुधा विक्री फुगवण्याची असते. हॉटेलात ती बहुधा उलट्या दिशेची असते.

एक प्रकरण सांगतो. गाव सांगत नाही, माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून आकडेही थोडे हलवले आहेत. पुण्याजवळच्या एका एमआयडीसीच्या तोंडाशी दोन भावांचं मिसळीचं हॉटेल. वडिलांनी काढलेलं. सकाळी सातला उघडतं, तीनला बंद. एमआयडीसीच्या सुट्टीच्या वारी हॉटेललाही सुट्टी. थोरला गल्ल्यावर बसतो. धाकटा बरीच वर्षं नोकरीसाठी परगावी. भागीदारी कागदावर निम्मी, पण हॉटेलात पाय वर्षातून चार वेळा. धाकट्याला आता घर घ्यायचं होतं, म्हणून भागीदारीतून बाहेर पडायचं होतं. त्याच्या वाट्याची किंमत काढायची तर धंदा महिन्याला नेमका किती होतो हे कळायला हवं. दोघांनी मिळून मला बोलावलं. थोरला म्हणाला, "बघा ना साहेब, सगळं तुमच्यासमोर आहे." समोर होतं ते एवढंच: बिलिंग सॉफ्टवेअरचा महिन्याचा गोषवारा, बँकेचा उतारा, खरेदीची एक वही आणि पगाराचं रजिस्टर. साठ्याची नोंद नाही, रोजच्या शिल्लक रोकडीची नोंद नाही.

मी नोव्हेंबर महिना घेतला. २६ दिवस हॉटेल चालू. सॉफ्टवेअरप्रमाणे मिसळीच्या ४,१६० प्लेट, जादा पाव २,०८०, शिवाय ताक, चहा, पाण्याच्या बाटल्या. एकूण विक्री ४,९९,२०० रुपये, म्हणजे एका मिसळीमागे सरासरी १२० रुपये.

पहिली तपासणी कुणीही करतो ती केली. कच्च्या मालाचा खर्च वजा करून विक्रीच्या किती टक्के उरतात? ५८ टक्के. मागच्या दोन वर्षांत ५७ आणि ५८. आजूबाजूच्या अशा हॉटेलांतही साधारण एवढंच सुटतं. माझ्या हाताखालच्या मुलीने लगेच बरोबरची खूण केली. तिची चूक नव्हती, पुस्तकात असंच शिकवतात. पण या टक्केवारीत एक मोठी फट आहे. गल्ल्यातली रोख लिहायची नाही असं ज्याने ठरवलंय, तो त्याच रोखीतून पाववाल्याला, फरसाणवाल्याला पैसे देतो आणि ती खरेदीही लिहीत नाही. विक्री आणि खरेदी दोन्ही बाजूंनी सारख्या प्रमाणात कापल्या की टक्केवारी जागची हलत नाही. टक्का घसरला तर संशय घ्यावा हे खरं, पण टक्का टिकून आहे म्हणून निर्धास्त व्हावं असं मुळीच नाही.

म्हणून एखादी वस्तू निवडावी लागते. तिच्यातून जाणारा धागा प्लेटीपर्यंत सरळ पोचला पाहिजे. वस्तू अशी हवी की ती प्रत्येक प्लेटीत ठरावीक लागते, साठवून ठेवता येत नाही, फार वाया जात नाही आणि तिचा पुरवठादार स्वतःची वेगळी नोंद ठेवतो. परमिट रूम असेल तर हे काम फारच सोपं. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत ३० मिलिलिटरचे २५ पेग, बाटल्यांचा हिशेब उत्पादन शुल्क खात्यासाठी रोज लिहावाच लागतो. मिसळीत मटकी मोजता येत नाही. ओली-सुकी किती, भिजून किती फुगली, याचे वाद होतात. तेल तर्रीत कमीजास्त जातं. १९ किलोच्या व्यापारी सिलिंडरवरून अंदाज बांधणारेही आहेत, पण शेगडी रिकामी पेटलेली असते, पाण्याचं पातेलं उकळत असतं. गॅस फार तर दिशा दाखवतो. पाव मात्र दुसऱ्या दिवशी शिळा. रोजचा रोज येतो आणि रोजचा रोज संपतो.

हिशेब मांडला. प्रत्येक प्लेटीत दोन पाव म्हणजे ८,३२०, त्यात जादा २,०८०. विक्रीच्या वहीप्रमाणे एकूण १०,४०० पाव लागले. खरेदीच्या वहीत ९०० लाद्या, एका लादीत १२ पाव, म्हणजे १०,८०० पाव. फरक अवघा ४००. कागदावर तर छान जुळतंय. पण हॉटेलात नऊ पोरं कामाला. सकाळी प्रत्येक जण मिसळीबरोबर निदान चार पाव खातो. मी डोळ्यांनी बघितलंय. नऊ गुणिले चार गुणिले २६, म्हणजे ९३६ पाव. वहीवर विश्वास ठेवायचा तर निम्म्याहून जास्त पोरं महिनाभर उपाशी होती आणि एकही पाव कधी चेपला, करपला किंवा उरला नाही. हिशेब इतका घट्ट बसला की मला भीती वाटते. खऱ्या स्वयंपाकघरात सांडलवंड असते. ती वहीत दिसत नसेल, तर ती वही स्वयंपाकघरात लिहिलेली नाही.

इथून मी बेकरीत गेलो. दोन्ही भावांच्या सहीची चिठ्ठी घेऊन. नाहीतर तो माणूस दुसऱ्याच्या खात्याचं पान मला का दाखवेल? त्याने वही उघडली. नोव्हेंबरमध्ये रोज ४५ लाद्या, एकही खाडा नाही. एकूण १,१७० लाद्या, १४,०४० पाव. आमच्या खरेदीच्या वहीपेक्षा २७० लाद्या जास्त. मी त्याला विचारलं, पैसे कसे मिळतात? तो म्हणाला, "३० लाद्यांचे आठवड्याला ऑनलाइन, बाकीचे रोज सकाळी रोख." एवढं त्याने सहज सांगितलं, कारण त्यात लपवण्यासारखं काही आहे हे त्याला माहीतच नव्हतं. मात्र आकडे गोळा करताना मी एक पथ्य पाळतो. पुरवठादाराची वही मालकाच्या हातून मागवत नाही, स्वतः जाऊन पाहतो. वाटेत वही बदलल्याची उदाहरणं या धंद्यात कमी नाहीत.

आता १४,०४० मधून विकलेले १०,४०० वजा केले की उरतात ३,६४०. त्यातून पोरांचे ९३६ गेले. वाया किती जातात? इथे अंदाज नको म्हणून आम्ही चार दिवस दुपारी तीनला टोपली मोजली. रोजचे सरासरी २० निघाले, म्हणजे महिन्याचे ५२०. ओळखीच्या गिऱ्हाइकाला फुकट दिलेला पाव रोज दहाएक, म्हणजे २६०. उरले १,९२४ पाव, ज्यांचा वहीत कुठेच पत्ता नाही. एका मिसळीमागे, जादा धरून, सरासरी अडीच पाव जातात. म्हणजे साधारण ७७० प्लेट. प्लेटीला १२० रुपये धरले तर ९२,४०० रुपये.

इथेच थांबून "९२,४०० ची विक्री लपवली" असं लिहून देणारे लोक मला माहीत आहेत. ते लिहिणं धोक्याचं आहे, कारण हा आकडा तीन-चार गृहीतकांच्या पाठीवर उभा आहे. त्यातलं एकेक हलवून बघावं लागतं. समजा वाया जाणारे पाव रोज २० नाहीत, ४० आहेत. ५२० पाव आणखी गेले, प्लेट ५६० वर आल्या, रक्कम ६७ हजारांवर. समजा न लिहिलेली गिऱ्हाइकं जास्त पाव खाणारी आहेत, अडीचऐवजी तीन. मग प्लेट ६४० च्या आसपास, जादा पावाचे पैसे धरूनही रक्कम ८० हजार. एका टोप्याचा फरक पडला की हजारोंचा फरक पडतो. एकट्या पावावर कुणाला दोषी ठरवता येत नाही. त्याला दुसऱ्या, पूर्णपणे वेगळ्या वाटेने आलेला साक्षीदार हवा.

आजकाल तो साक्षीदार गल्ल्यावरच बसलेला असतो. निळा-पांढरा, प्लास्टिकचा, "अमुक रुपये प्राप्त हुए" असं बोलणारा. यूपीआयने आलेला प्रत्येक रुपया बँकेत उतरतो, वेळेसकट. तो लपवता येत नाही. म्हणून लपवायची झाली तर रोखच लपते. आणि त्यातून एक गंमत होते: वहीत रोख कमी दिसली की यूपीआयचा वाटा आपोआप फुगतो. नोव्हेंबरमध्ये यूपीआयने ३,६९,००० रुपये आले होते. वहीतल्या एकूण विक्रीत हा वाटा ७४ टक्के. प्रश्न एवढाच, की त्या हॉटेलात प्रत्यक्षात शंभरातले ७४ रुपये मोबाइलवरून येतात का?

त्याआधी एक छोटी खबरदारी. काउंटरवर दोन क्यूआर चिकटवलेले होते. मी चहा घेतला आणि १५ रुपये एका क्यूआरवर, नंतर आणखी एक चहा घेऊन १५ दुसऱ्यावर दिले, फक्त पडद्यावर नाव कुणाचं येतं ते बघायला. दोन्हीकडे हॉटेलचंच नाव आलं, आणि संध्याकाळी दोन्ही रकमा त्याच खात्यात दिसल्या. कधी कधी दुसरा क्यूआर मुलाच्या किंवा मेव्हण्याच्या खात्याचा निघतो. मग ही सगळी तपासणीच कोसळते.

नंतर डिसेंबरमध्ये आम्ही दोन दिवस सकाळी पावणेसातपासून हॉटेलात बसलो. एक बुधवार, एक रविवार. एकजण गल्ल्याजवळ, एकजण दाराशी. हातात कागद, त्यावर दोन रकाने, रोख आणि मोबाइल; गिऱ्हाइकाने पैसे दिले की त्या रकान्यात रक्कम. इतकं प्राथमिक काम. बुधवारी १७१ प्लेट गेल्या. नोव्हेंबरच्या चार बुधवारी वहीत होत्या १३९, १४३, १४१ आणि १४४. रविवारी २२८ गेल्या. वहीत रविवारची सरासरी १९५. लक्षात घ्या, आम्ही बसलोय हे थोरल्याला दिसत होतं, त्यामुळे त्या दोन दिवशी सगळी बिलं फाटली. तपासनीस बसला की विक्री अचानक वाढते. हा अडथळा नाही, पुरावाच आहे, फक्त आधीच्या त्याच वारांशी तुलना करायला हवी. एखादा बुधवार योगायोगाने जोराचा असू शकतो, डिसेंबर नोव्हेंबरपेक्षा थंड असतो आणि थंडीत मिसळ जास्त खपते. तेव्हा नुसत्या प्लेटीच्या आकड्यावर मी फार जोर देत नाही. रोख आणि मोबाइलच्या वाट्यावर देतो, कारण तो थंडीने बदलत नाही.

दोन दिवसांचा मिळून मोबाइलचा वाटा आला ६२ टक्के. नोव्हेंबरमध्येही तो एवढाच असेल, तर ३,६९,००० हे एकूण विक्रीचे ६२ टक्के. म्हणजे खरी विक्री साधारण ५,९५,०००. वहीत ४,९९,२००. फरक ९६ हजार.

पावाने सांगितलं ६७ ते ९२ हजार, मोबाइलने सांगितलं ९६ हजार. बेकरीची वही आणि बँकेचा उतारा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एकाच्या चुकीने दुसरा चुकत नाही. दोघं वेगवेगळ्या वाटांनी येऊन एकाच चौकात भेटले की मग मी अहवालात वाक्य लिहितो. तेही असं: न नोंदलेली विक्री महिन्याला ६५ हजार ते एक लाख रुपयांच्या दरम्यान असावी. एकच आकडा लिहिला तर तो अचूक वाटतो, पण तेवढं अचूक मला काही माहीत नसतं.

सराफाच्या दुकानात हेच काम वेगळ्या अंगाने चालतं, त्याबद्दल थोडं. तिथे प्लेट मोजायची गरज नसते, वजन करायचं असतं. सुरुवातीचा साठा, त्यात घेतलेलं सोनं, गिऱ्हाइकाकडून आलेली मोड, कारागिराकडून परत आलेला माल. वजा विक्री, वजा कारागिराकडे दिलेलं, वजा घट. हे सगळं शुद्ध सोन्यात आणावं लागतं. २२ कॅरेटच्या १०० ग्रॅममध्ये शुद्ध सोनं ९१.६ ग्रॅम. ते न करता नुसती ग्रॅमची बेरीज केली तर मोडीत आलेलं १८ कॅरेट आणि शोकेसमधलं २२ कॅरेट एकाच तागडीत पडतं, आणि हिशेब जुळल्यासारखा वाटतो. शेवटी तिजोरी उघडून वजन. जास्त भरलं तर न लिहिलेली खरेदी, कमी भरलं तर न लिहिलेली विक्री, आणि बरोबर भरलं तर कारागिराकडे जाऊन त्याच्याकडचं सोनं मोजायचं, कारण फरक लपवायचा असेल तर तो "कारागिराकडे आहे" या एका वाक्यात लपतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असल्याशिवाय तो विकता येत नाही. अपवाद थोडे आहेत, दोन ग्रॅमच्या आतले दागिने वगैरे. शोकेसमधले तीसेक दागिने उचलून त्यांचे क्रमांक खरेदीच्या नोंदीत शोधायचे. जो क्रमांक सापडत नाही तो दागिना वहीच्या बाहेरून आला, आणि बहुधा वहीच्या बाहेरच जायचा होता. सराफाकडे हा धोका उलटाही वळतो. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री नोटाबंदी जाहीर झाली आणि काही सराफांच्या वहीत त्या एका संध्याकाळी न झालेली रोख विक्री उगवली. तिथे प्रश्न विक्री पुरी आहे का हा नव्हता, ती खरी आहे का हा होता.

परत मिसळीकडे. फरक आहे हे कळलं, पण तो कुठून गळतोय? नुसता फरक सांगत नाही की मालक कर चुकवतोय, गल्ल्यावरचा पोरगा खिशात घालतोय, की एक भाऊ दुसऱ्याला फसवतोय. तिन्हींचा आकडा सारखाच दिसतो. मी सॉफ्टवेअरमधून बिलांची वेळेनुसार यादी काढली. बिलांचे क्रमांक सलग होते, मधे एकही गाळलेलं नाही, रद्द केलेली बिलं महिन्यात अकरा. इथे काही सापडेना. मग बँकेचा उतारा शेजारी ठेवला आणि दोन्हींतल्या पहिल्या वेळा बघितल्या. यूपीआयचे पहिले पैसे रोज सकाळी सात वाजून चार-पाच मिनिटांनी येत होते. पहिलं बिल मात्र आठ वीसच्या आधी एकही नाही. आणि आठ वीस ते आठ तीसमध्ये एकदम वीस-बावीस बिलं, झपाट्याने, मिनिटाला दोन. सगळीच्या सगळी यूपीआयची. रोखीचं एकही नाही.

चित्र स्पष्ट झालं. सात ते सव्वाआठ हा एमआयडीसीच्या पहिल्या पाळीचा वेळ. पाळीवर जाणारे आणि रात्रपाळी संपवून येणारे, दोन्ही. त्या वेळात कॉम्प्युटर चालूच करत नव्हते. साडेआठच्या आत बसून मोबाइलमध्ये आलेल्या रकमांची बिलं मागाहून फाडली जात होती, कारण त्या बँकेत दिसतात. रोखीची फाडली जात नव्हती, कारण त्या दिसत नाहीत. बिलांचे क्रमांक सलग असणं यात काही सिद्ध करत नाही. न फाडलेल्या बिलाला क्रमांकच नसतो. बुधवारी आमच्या कागदावर सव्वाआठच्या आधीच्या रोख प्लेट मोजल्या, २९ निघाल्या. २६ दिवसांचे साडेसातशेच्या आसपास. पावाच्या हिशेबातले ७७० तिथे होते. आणि हे कामगार जादा पाव खातात हेही खरं निघालं.

मी थोरल्याला यादी दाखवली. तो चिडला नाही. थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "साहेब, सकाळचा गल्ला हॉटेलचा नाहीच. तो आईचा." वडील होते तेव्हापासूनची पद्धत. सकाळी आलेल्या रोकडीतून पाववाला, दूधवाला, रोजंदारीची बाई यांचे पैसे भागवायचे आणि उरलेले घरी आईच्या हातात द्यायचे. बिलिंगचं मशीन नंतर आलं, पद्धत आधीची होती. "चोरी कसली त्यात?" त्याच्या मते ती चोरी नव्हतीच. आईच्या औषधपाण्याचा, घराचा सगळा खर्च तिथूनच चालायचा, आणि धाकटा त्यात पैसा घालत नव्हता हेही त्याने ऐकवलं.

हिशेबाच्या दृष्टीने मात्र गोष्ट साफ आहे. गिऱ्हाइकाने मिसळ खाऊन पैसे दिले तेव्हाच ती विक्री झाली. नंतर ते पैसे आईला गेले, देवळात गेले की बँकेत गेले, हा पुढचा प्रश्न. विक्री लिहायची आणि आईला दिलेले पैसे थोरल्याची उचल म्हणून लिहायचे. त्यावर हॉटेलचा पाच टक्के जीएसटी आणि आयकरही आला, व्याजासकट. मी दोघांना आधीच्या वर्षांची विवरणपत्रं ज्यांनी भरली त्यांच्याकडे जायला सांगितलं.

धाकट्याच्या बाजूने एक चूक होऊ घातली होती, तीही थांबवावी लागली. त्याने ९२ हजार गुणिले बारा करून निम्मे मागायला सुरुवात केली. पण न लिहिलेली विक्री म्हणजे न लिहिलेला नफा नव्हे. न लिहिलेल्या प्लेटींनाही पाव लागलेत, मटकी लागली, फरसाण लागलं, आणि तेही न लिहिताच आणलंय. एकट्या पावाच्या २७० लाद्या, ३६ रुपयांप्रमाणे ९,७२० रुपये. कच्च्या मालाचे ४२ टक्के काढले तर ९२ हजारांतून ५३ हजारांच्या आसपास उरतात, आणि पोरांची मजुरी त्या वेळचीही असतेच. वाद निम्म्यावर आला.

शेवटची खात्री करायला मी आईंना भेटलो. घर हॉटेलच्या मागेच. मी विचारलं, रोज किती पैसे येतात याची काही नोंद आहे का? त्या हसल्या आणि स्वयंपाकघरातल्या भिंतीकडे बोट दाखवलं. कालनिर्णय टांगलं होतं. प्रत्येक तारखेच्या चौकटीत, दूध आणि गॅसच्या खुणांच्या शेजारी, पेन्सिलीने बारीक आकडा. १,९८०. २,३१०. १,७५०. नोव्हेंबरचं पान उलटून मी तिथेच उभ्या उभ्या बेरीज केली. ४६,७५० रुपये. चौकटी २६ हव्या होत्या, भरलेल्या २२. बाकीच्या चार दिवशी पैसे आलेच नव्हते की लिहायचं राहून गेलं होतं, ते त्यांना आता आठवत नव्हतं.